किती जणांना जमलं

शाळेत त्यांना सगळे आकडेबाई म्हणत. एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि प्रत्येक परीक्षेनंतर त्या वहीत प्रश्नागणिक रेघा ओढत आल्या: चार उभ्या, एक आडवी. किती मुलांचं उत्तर बरोबर आलं ते मोजायचं, परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. हाच प्रश्नाचा सुलभता निर्देशांक. एखाद्या मुलानं प्रश्न कोरा सोडला, तरी ते मूल मोजणीतून सुटायचं नाही.

निवृत्तीला आठवडा उरला होता. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका चार वाजता छपाईला जायची होती. बाईंच्याच वहीतून निवडलेले प्रश्न नव्या शिक्षिकेनं त्यांच्यापुढे ठेवले.

"बाई, सोपे आधी, अवघड शेवटी. तुम्ही म्हणता तसंच केलंय हं!"

बाईंनी पहिला प्रश्न वाचला आणि चष्मा वर सरकवला. "अगं, हा पहिला?"

"वहीत त्याच्यापुढे अठराच तर आहेत. आणि तो नव्वदवाला शेवटी टाकलाय. अवघडपणा नव्वद म्हणजे पोरांचा घामच निघेल."

"घाम माझा काढलास बये! अठरा म्हणजे शंभरातल्या अठरांनाच जमलाय तो. आकडा मोठा, तितका प्रश्न सोपा."

"पण बाई, वर तुम्हीच 'अवघडपणा' लिहिलंय की!"

खरंच लिहिलं होतं. पहिल्यांदा नोकरीच्या पहिल्या वर्षी, गोल, कोवळ्या अक्षरात. पुढे वह्या बदलल्या, पण मथळा तोच उतरत राहिला. त्यांना आकडा उलटा वाचायची सवय होती, त्यामुळे कधी अडलं नाही.

त्या वर्षी त्याही अशाच फसल्या होत्या. पन्नास मुलांत नऊ जणांनाच जमलेला प्रश्न त्यांनी सहामाहीला पहिला घातला. दुसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं तो वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि पुढचं पानही उलटलं नाही. सगळा पेपर कोरा. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, बाईंवर रागावले नाहीत. स्वतःच्या डब्यातलं अर्धं पुढे करून म्हणाले, "पोरी, हा आकडा प्रश्नाचा नाही, मुलांचा. किती जणांना जमलं, एवढंच विचारायचं त्याला."

ते सर आता नाहीत. वर्गातला तो बाकही बदलला. पण खाली ठेवलेल्या पेन्सिलीचा तो बारीकसा आवाज बाईंना प्रत्येक परीक्षेच्या पहिल्या मिनिटाला ऐकू येई.

"घड्याळात किती झाले?"

"सव्वातीन."

"मग बस. आपण दोघी उलटं करू." दोघींनी प्रश्नांचा क्रम फिरवला. नव्वदचा प्रश्न वर गेला, अठराचा तळाला. पावणेचारला प्रश्नपत्रिका पाकिटात गेली.

मग बाईंनी वही ओढली, मथळ्यावर सरळ रेघ मारली आणि पेन शिक्षिकेच्या हातात दिलं. "आता तूच लिही. वही तुझी आहे."

"काय लिहू, सुलभता निर्देशांक?"

"लिही. आणि खाली कंसात, आमचे सर म्हणायचे ते: किती जणांना जमलं."