गुपचूप बदललेला नंबर

दोंडाईच्याच्या मामांनी माझा बायोडेटा समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकला आणि खाली माझाच नंबर दिला. तेव्हापासून जळगावच्या ऑफिसात फोन वाजला की तो न उचलता ड्रॉवरमध्ये जायचा. ग्रुप सोडायचीही सोय नव्हती. अॅडमिन मामाच, त्यांना लगेच कळलं असतं.

शेवटी नवं सिम घेतलं. चॅटच्या अॅपमध्ये ‘नंबर बदला’ उघडून जुना आणि नवा नंबर टाकला. ओळखीच्यांना कळवायचं का, असं विचारलं, ते बंदच ठेवलं. नव्या नंबरवर आलेला कोड घातला आणि झालं. जुनी चॅट, ग्रुप, सेटिंग, सगळं जागच्या जागी होतं. मी कितीतरी दिवसांनी निवांत चहा घेतला.

चहा संपायच्या आत नव्या नंबरवर मामांचा मेसेज आला. मी घाबरून ग्रुप उघडला. तिथे मधोमध ओळ होती, की मी नंबर बदललाय. आपण कुणाला कळवो न कळवो, ग्रुपांना अॅप स्वतःच कळवतं.

मामांनी लिहिलं होतं, “बरं झालं बेटा. जुना नंबर कोणी उचलत नाही, अशी बठ्ठ्यांची, सगळ्यांचीच तक्रार होती. बायोडेट्यात नवा टाकून दिला.”