सरपंचबाईंचा रागाचा चेहरा

धाड या गावापासून जीपने जेमतेम पाव तासावर असलेल्या त्या गावात सरपंच पुष्पांजलीबाई आहेत. असं कागद म्हणतो, पंचायतीवरची पाटी म्हणते. गाव मात्र तिच्या नवऱ्याला, अविनाशला, रामराम घालताना म्हणतं, "काय सरपंच, कुठं निघाले?" आणि तो गडी मुकाट मान डोलावतो. सरपंच मी नाही, असं म्हणावंसं त्याला कधी वाटलं नाही.

पद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा अविनाशनेच तिचा अर्ज भरला. घरी सगळ्यांसमोर म्हणाला, "तू फक्त सही कर, बाकी मी पाह्यतो." पहिल्या वर्षी पुष्पांजलीने खरंच फक्त सह्या केल्या. पण सही करण्याआधी वाचायची तिला खोड होती, आणि वाचता वाचता गावच्या कारभारात तिचं मन गुंतलं. वरच्या वस्तीत नळाला धड पाणी चढत नाही हे तिला सही करायला आलेल्या अर्जांतून नव्हे, तर हंडे घेऊन खाली येणाऱ्या बायकांच्या तोंडून कळलं होतं. आता नवी टाकी मंजूर झाली होती. ती वरच्या वस्तीत बांधावी, असं बायकांचं म्हणणं. उपसरपंच भगवानरावांना मात्र ती त्यांच्या मळ्याशेजारी हवी होती, कारण तिथे त्यांनी प्लॉट पाडले होते. पाणी आलं की प्लॉट आपोआप उठणार, एवढं गणित गावातल्या शेळ्यांनाही कळत होतं.

ग्रामसभेत पुरुषांच्या घोळक्यात बायका तोंड उघडत नाहीत. म्हणून आधी महिला सभा घ्यायची, तिथे ठराव करायचा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा, असं पुष्पांजलीने ठरवलं. शुक्रवारी दुपारी, मारुतीच्या सभामंडपात.

गावात पूर्वी दवंडी फिरायची. आता व्हॉट्सॲपचा गट आहे, 'आपलं गाव – सूचना'. सुरुवातीला त्यावर कोणीही काहीही टाकायचं. सकाळी फुलं, दुपारी पुढाऱ्यांचे फोटो, रात्री भांडणं. कोणाची तरी मेलेली म्हैस आणि कोणाचं तरी लग्न एकाच तासात यायचं आणि पाणी कधी सुटणार ही बातमी त्यात हरवून जायची. मग गट बनवणाऱ्या अविनाशने एक कळ दाबली आणि मेसेज पाठवण्याचा हक्क फक्त ॲडमिनपुरता उरला. तेव्हा पुष्पांजलीलाही ते बरंच वाटलं होतं. ॲडमिन दोघे: अविनाश आणि भगवानराव. सरपंचाला ॲडमिन करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं असेल, तरी तिथून ते लगेच हाकललं असेल.

सभेची सूचना पुष्पांजलीने सांगितली आणि अविनाशने गटावर टाकली. बायकांनी शेतातली कामं मागेपुढे केली. पंचायतीच्या फळ्यावरही नोटीस लागली, पण हल्ली फळ्याकडे पाहतं कोण?

बुधवारी संध्याकाळी भगवानराव ओट्यावर येऊन चहा पिऊन गेले. ते गेल्यावर भाकऱ्या थापताना पुष्पांजलीचा फोन वाजला. पिठाच्या बोटानेच तिने पाहिलं.

'शुक्रवारची महिला सभा काही कारणास्तव रद्द. पुढील तारीख कळवण्यात येईल. – आदेशावरून, सरपंच.'

आदेश! कोणाचा आदेश? तिने तर तोंडही उघडलं नव्हतं. तव्यावर भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी ती त्या एका ओळीकडे बघत राहिली. उत्तर लिहायला गेली, तर लिहायच्या जागी गटाने सांगितलं की इथे फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. स्वतःच्या गावात, स्वतःच्या नावाने केलेल्या खोट्या सूचनेखाली "हे मी नाही" एवढं लिहायचीसुद्धा तिला सोय नव्हती. मेसेजवर अंगठे मात्र भराभर येत होते.

ती ओट्यावर गेली. "हे तुमी काऊन टाकलं?"

"भगवानराव म्हणले, ग्रामसभा होऊ दे आंधी. बायांचं मंग पाहू."

"मंग काय, टाकी बांधून झाल्यावर? मले ॲडमिन करा. मी लिहिते."

"तुले काय करायचं ते? मी करून राह्यलो ना सगळं."

"मायं नाव टाकून करून राह्यले!"

अविनाश हसला. हसला, आणि फोन खिशात घालून पारावर निघून गेला. त्या हसण्याने तिच्या अंगाची लाही लाही झाली. भांडून उपयोग नाही, रडायचं तर मुळीच नाही. तिने मेसेज बोटाखाली दाबून धरला. लिहिता येत नसलं, तरी चेहरा टाकता येत होता. सगळ्या अंगठ्यांच्या शेजारी तिने लालबुंद रागाचा एक चेहरा ठेवला आणि उरलेल्या भाकऱ्या थापायला बसली.

ती करपलेली भाकरी तिने नवऱ्याच्या ताटासाठी बाजूला काढली, हेही सांगायला हवं.

थोड्या वेळाने वरच्या वस्तीतल्या जनकाबाई दारात उभ्या. वयाने मोठ्या, बचतगटाच्या अध्यक्ष. हातात सुनेचा फोन.

"काऊन वं पुष्पा, सभा तूच रद्द केली अन् तूच रागावली?"

"तुमाले कसं समजलं?"

"सुनेनं त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, तं कोणं काय टाकलं ते सगळं निंघते. लाल तोंड एकच, अन् त्यापुढं सरपंचबाई. मंग रद्द कोणं केली?"

पुष्पांजलीने नवरा बसायचा त्या ओट्याकडे मान वळवली. जनकाबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी सुनेचा फोन डोळ्यांजवळ धरला, मेसेज दाबला आणि दुसरा लाल चेहरा टाकला. मग त्या वस्तीत गेल्या, आणि घराघरातून चेहरे निघू लागले. सत्यभामाबाईंनी टाकला, अंगणवाडीच्या प्रतीक्षाने टाकला, ज्यांच्या हाती कधी फोन येत नाही त्यांनी पोरींकडून टाकून घेतला. 'सरपंचांच्या आदेशाखाली' आता गावातल्या बायका ओळीने रागावून उभ्या होत्या आणि सगळ्यांत आधी खुद्द सरपंच.

पारावर कोणीतरी अविनाशला ते दाखवलं. लोक फिदीफिदी हसले, म्हणे सरपंच स्वतःच्याच हुकमावर चिडली. अविनाशचा चेहरा पडला. झाकायचं कसं? त्याने घाईघाईने मेसेजच सगळ्यांसाठी डिलीट केला. त्यासोबत सगळे चेहरेही गेले. त्याला हायसं वाटलं.

पण आता गटावर वर शुक्रवारच्या सभेची पहिली सूचना होती आणि तिच्याखाली, एक मेसेज काढून टाकला आहे, एवढीच ओळ. म्हणजे रद्द करणंच रद्द झालं होतं, तेही त्याच्याच हाताने. भगवानरावांनी फोनवरून त्याला मनसोक्त झापलं. पुन्हा रद्दची सूचना टाकायची मात्र दोघांपैकी एकाचीही छाती झाली नाही.

शुक्रवारी मंडप भरला. पायऱ्यांवरही बायका बसल्या. टाकी वरच्या वस्तीत, हा ठराव हात वर करून मंजूर झाला. जनकाबाईंनी दुसरा मांडला: गावाच्या गटाचा ॲडमिन सरपंच असेल, सरपंचाचा नवरा नव्हे. तेवढ्यात अविनाश दारातून पुढे सरकला आणि घसा खाकरून म्हणाला, "मले काई बोलायचं हाये."

पुष्पांजली जागेवरून उठली नाही. आवाजही चढवला नाही.

"हे महिला सभा हाये. इथं फक्त बायाच बोलतात. तुमी आयका, अन् पटलं तं अंगठा वर करा."

मंडप हसला नाही. सगळ्या बायका त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.