भिंतीवरच्या तीन चौकटी

माझा मुलगा गणपत अकलेचा कांदा आहे. आई असून सांगते.

आमचे हे, कुशाबा, गिरणीच्या रंगखात्यात होते. साहेबाने कापडाचा तुकडा दाखवावा आणि ह्यांनी हुबेहूब तोच रंग उतरवावा. संपात गिरणी गेली ती गेलीच. पुढे वीस वर्षं वॉचमनकी केली, पण रंगाबद्दल तोंडातून चकार शब्द नाही. नवी साडी दाखवली तरी "बरी आहे." मी विचारणंच सोडलं.

मग सून आली, फणसवाडीची लतिका. परळच्या आमच्या एवढ्याशा खोलीचं तिने मनावर घेतलं. पुठ्ठ्यावर मासिकांतली चित्रं, पडद्यांचे तुकडे, शेडकार्डाच्या पट्ट्या टाचल्या. म्हणाली, "आई, हा मूड बोर्ड. इथे जुळलं तरच घरात आणायचं. आणि सगळं एकदम नाही. आधी रंग, दिवाळीनंतर ओटा, मग माळा. म्हणजे झोपायला जागा राहील."

मी म्हटलं, खोली रंगवायचीय की मुलगी बघायचीय? पण पोरगी ऐकते कुठे! रंगाचे तीन छोटे डबे आणून जुन्या निळ्या भिंतीवर ब्रश टेकवला, तोच हे कॉटवरून कडाडले, "अगं, खालचा निळा वर डोकावेल! आधी पांढरा प्रायमर. मग दोन हात. आणि ओल्या रंगावर जाऊ नकोस, सुकला की बदलतो."

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

दोघांनी मिळून तीन चौकटी रंगवल्या. लतिकाने विचारलं, "बाबा, कोणता?"

"आज ट्यूबखाली बघतो, सकाळी उजेडात बघतो. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाजारातून आलो, तर अर्धी भिंत पांढरी! गणपत ज्या टॉवरच्या कामावर आहे तिथला उरलेला रंग घेऊन आला होता, सोबत रंगारी. चौकटी गायब.

"फुकटचा आहे, आई. एका दिवसात काम खलास!"

"मेल्या, वीस वर्षांनी कोणीतरी तुझ्या बापाला रंग विचारला होता! ते आज सांगणार होते. त्यावर बोळा फिरवलास तू!"

लतिका दारात रडत उभी. गणपत म्हणतो, "पांढराच तर आहे, त्यात काय एवढं?"

ह्यांनी डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरलं.

"ह्याला पांढरा म्हणतोस? निळसर मारतोय. ट्यूबखाली घरातली माणसं आजारी दिसतील. ओला आहे तोवर पूस!"

"बाबा, अहो..."

"पूस म्हणतो ना! ओलं फडकं घे. आमच्या चौकटी कालच्या आहेत, सुकल्यात, त्या निघायच्या नाहीत."

असा आवाज ह्यांच्या खात्यातल्या माणसांनी ऐकला असेल, मी कधी ऐकला नव्हता. गणपतने मुकाट फडकं पिळलं. पांढऱ्यातून एका चौकटीचा बदामी रंग वर आला, तशी ह्यांनी लतिकाला हाक मारली.

"रडतेस काय? इकडे ये. हा घ्यायचा. आणि तुझ्या पुठ्ठ्यावरचा तो पडदा काढून टाक, ह्याच्याशी भांडतोय."