हिरव्या वाक्यांची रुजुवात

जानेवारीतला दुसरा सोमवार. रक्कम दोन हजार शंभर. हजर तिघं: मी, माझी बायको आणि अकोल्याच्या औषध कंपनीचा अधिकारी. औषध म्हणजे पिकावर फवारायचं. जागा आमच्या अमरावतीच्या घरातली पुढची खोली.

अधिकारी पस्तिशीचा होता आणि बोलायला मोकळा. त्यांची कंपनी आता ओडिशात कपाशीचं औषध विकणार होती. डब्यासोबत जाणारी माहितीपत्रकं इंग्रजीतून ओडियात मशीनने करून झाली होती. ओडिया वाचणारं कोणी हवं होतं आणि आमच्या भागात तसं माणूस सापडणं कठीण. माझी बायको ओडिशातल्या बलांगीरकडची. मी धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे हिशेबनीस असताना त्याने तिकडे जिनिंग टाकलं, मी चार हंगाम तिथे होतो, तिथेच आमचं लग्न जमलं. लग्नाआधी ती प्राथमिक शाळेत शिकवत असे. इथे आल्यावर तिचं ओडिया भावाशी फोनवर बोलण्यापुरतं उरलं होतं. हे काम आलं तेव्हा तिने जुना चष्मा बदलून घेतला.

नऊ हजार शब्द होते, पण पैसे तीन हजार शब्दांचेच, शब्दाला सत्तर पैसे. कारण विचारलं तेव्हा अधिकाऱ्याने लॅपटॉप उघडून दाखवलं. काही वाक्यं हिरवी होती, काही पिवळी. मशीनला ज्या वाक्याची खात्री वाटते ते हिरवं, जिथे शंका ते पिवळं. माणसाने फक्त पिवळी सुधारायची.

"वहिनी, हिरव्याले हात लावायचाच नाही. हिरवं म्हणजे पास."

"पास कोणं केलं?"

"मशीननंच."

"करणारी बी तेच अन् तपासणारी बी तेच? आमच्या शाळेत असं नोतं, भाऊ."

तो हसला. "तुमची शाळा कडक दिसते. तुमी फक्त नजर फिरवा."

मूळ इंग्रजी त्याने दिलंच नाही. दिल्यास माणसं तुलना करत बसतात आणि वेळ जातो, असं त्याचं म्हणणं.

पिवळ्या वाक्यांचा त्रास नव्हता. त्यांतल्या चुका उघड होत्या. कपाशीच्या बोंडाला मशीनने चेंडू म्हटलं होतं. ती हसली आणि दुरुस्त केलं. एका वाक्याचं शेपूटच नव्हतं, तेही तिने जोडलं. असं आठवडाभर चाललं. दुपारी स्वयंपाक आवरला की ती बसायची आणि मी कामावरून आलो की किती झालं ते सांगायची. तिचा आवाज त्या दिवसांत जरा वेगळाच होता. फार वर्षांनी तिला कोणी तिच्या भाषेतलं काही विचारत होतं.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, हे पाहा. एकच औषध आहे. पहिल्या पानावर म्हणते, पोटात गेलं तर उलटी काढू नका. मागच्या पानावर म्हणते, ताबडतोब उलटी काढा."

"पिवळं आहे का?"

"पहिलं पिवळं. मागचं हिरवं."

मी तिला दोन्ही मोठ्याने वाचायला लावली. मला ओडिया बोलता येतं, अक्षरं मात्र सावकाश लागतात. हिरवं वाक्य ऐकायला जास्त चांगलं होतं, वर्तमानपत्रात असावं तसं, कुठे अडखळणं नाही. पिवळं जरा ओबडधोबड होतं. खरं कोणतं, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता.

मी अधिकाऱ्याला फोन करून मूळ मागितलं. तो कुरकुरला, पण पाठवलं. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच वाक्य होतं: उलटी काढू नका. त्या औषधात रॉकेलच्या जातीचा द्रव असतो. उलटी काढली तर तो फुप्फुसात उतरतो आणि विषापेक्षा लवकर माणूस जातो.

त्यानंतर आम्ही सगळ्याच वाक्यांची रुजुवात धरली, हिरव्यांचीसुद्धा. जुन्या हिशेबनिसांची रीत आहे: एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो, ती ओडियावरून बोट सरकवत यायची आणि जुळलं की "हूं" म्हणायची. आधी मी माझ्या सवयीने नुसते आकडे ताडून पाहिले. लिटर, मिली, दिवस, एकर, सगळे जागच्या जागी. मला वाटलं, काम फारसं नसावं. पण आकडे मशीन जसेच्या तसे उचलतं. बिघाड त्यांच्या आजूबाजूला होता. "वेचणीच्या तीस दिवस आधी फवारणी बंद करा" याचं "वेचणीपर्यंत दर तीस दिवसांनी फवारणी करा" झालं होतं. तीस तिथेही होते. रबरी हातमोज्यांचे नुसते रबरी मोजे झाले होते. रिकामा डबा भोक पाडून पुरायचा होता, तो धुऊन ठेवायचा झाला होता. हिरव्या वाक्यांत अशी एकवीस निघाली. एकवीसपैकी एकातही वाचताना खटकेल असं काही नव्हतं.

ओडियाच्या भाषांतराचं काम बरीच वर्षं केलेली तिची एक मैत्रीण भुवनेश्वरला आहे. तिने फोनवर समजावून सांगितलं. इंग्रजी आणि हिंदी शेजारीशेजारी ठेवलेली वाक्यं मशीनला डोंगराएवढी मिळालेली असतात. ओडियाची त्या मानाने मूठभर, आणि त्यात औषधाच्या पत्रकांसारखी जवळजवळ नाहीतच. पण न पाहिलेलं वाक्य आलं म्हणून मशीन थांबत नाही. ओडियात कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो एवढं ते शिकलेलं असतं, त्या सवयीने पुढे जातं. वाक्य गुळगुळीत उतरतं आणि गुळगुळीत उतरलं म्हणून त्याला स्वतःला खात्री वाटते. "हिरवा रंग म्हणजे बरोबर नव्हे," ती म्हणाली, "हिरवा म्हणजे अडखळलं नाही एवढंच."

सुधारलेलं पत्रक अधिकाऱ्याला आधी पाठवून दिलं, मग आम्ही दोघं एकवीस वाक्यं घेऊन अकोल्याला गेलो. एमआयडीसीतलं ऑफिस, वर पंखा, मागे गोदामाचा वास. अधिकाऱ्याने चहा मागवला, आमची 'हूं'ची रीत ऐकून घेतली आणि आमच्यासमोरच तपासणी केली. तिने सुधारलेलं उलटीचं वाक्य त्याने त्याच मशीनमध्ये घातलं आणि परत इंग्रजीत करायला सांगितलं. इंग्रजी आलं: रुग्णाला उलटी होऊ लागल्यास थांबवा. मग मशीनचं मूळचं चुकीचं वाक्य घातलं. इंग्रजी आलं: उलटी काढू नका. अगदी बरोबर.

त्याने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "पाहा आता. मी काही म्हणून नाही राहिलो. तुमीच पाहा."

बायकोने स्क्रीनवर बोट ठेवून दोन्ही वाक्यं पुन्हा ताडली. "भाऊ, इंग्रजीत अशा पत्रकावर नेहमी हेच वाक्य असतं. त्याले ते पाठ आहे. ओडिया काहीही द्या, ते पाठच म्हणून दाखवते. त्यानं माझं वाचलंच नाही."

"वहिनी, तुमचं म्हणणं मी मानतो. पण मी वरच्याले काय दाखवू? तुमचं 'हूं' दाखवू?"

"ओडिया वाचणारं दुसरं माणूस दाखवा."

तेही त्याने केलं होतं. रायपूरला त्यांचा एक विक्रेता होता, ओडियाच. त्याला दोन्ही पत्रकं पाठवली होती, अर्थातच इंग्रजीशिवाय. त्याचं उत्तर अधिकाऱ्याने फोनवर वाचून दाखवलं: पहिल्याची भाषा एकदम बढिया, दुसऱ्याची जरा खेड्यातली. दुसरं आमचं होतं.

बायकोने चहा तसाच ठेवला. ती म्हणाली, "माझा भाऊ तिथंच कपाशी करते. त्याच्या हातात हा डबा जाणार आहे."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी पाहिलं. तो म्हणाला, पुण्याच्या ऑफिसला पाठवतो, ते ठरवतील. आम्ही सगळी वाक्यं शेजारी मूळ आणि खाली मराठी अर्थ लिहून त्याच्याकडे दिली. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ती आमच्याकडची नक्कल पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, "मी जरा वर्तमानपत्रासारखं लिहायला पाहिजे होतं का हो?"

मी नक्कल तिच्या हातून घेऊन पिशवीत ठेवली.

पुण्याहून निरोप आला तो असा: पिवळ्या वाक्यांतले बदल घेतले, हिरव्यांना मंजुरी नाही, कारण त्या वाक्यांचा दर्जा प्रणालीने आधीच ठरवला आहे. तिने तिथल्या माणसाशी बोलायचं म्हणून दोनदा फोन लावला. दुसऱ्या वेळी तिला सांगण्यात आलं की पत्रकं छापायला गेली. मी कृषी खात्याला अर्ज केला, इथेही आणि ओडिशातही. तिकडचा अर्ज तिने ओडियात लिहिला. पोच दोन्हीकडून आली. त्यापुढे काही आलं नाही.

जुलैत तिच्या भावाने गावच्या दुकानातून आणलेल्या डब्याचा आणि आतल्या पत्रकाचा फोटो पाठवला. आम्हीच त्याला सांगून ठेवलं होतं. तिने फोटो मोठा करून मागचं पान वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. ताबडतोब उलटी काढा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा मजकूर ओडिया भाषातज्ज्ञाने तपासला आहे.

"भाषातज्ज्ञ म्हणजे मी," ती म्हणाली.

भावाला तिने फोनवर सगळं सांगितलं. त्याला पटलं, कारण सांगणारी बहीण होती. पण त्याने दुकानदाराला सांगितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, छापलेलं खोटं कसं असेल, आणि तुझी बहीण तर महाराष्ट्रात राहते. शेजारच्या दोघांनी पत्रक वाचून भावाला उलट समजावलं की इतकं स्वच्छ लिहिलं आहे, कंपनीला कळत नसेल का.

तिने चार ओळींची चिठ्ठी लिहिली. उलटी काढू नका, रुग्णाला कुशीवर ठेवा, डबा सोबत घेऊन दवाखान्यात न्या, आणि हातात मोजे घाला. या वेळी भाषा तिने चारदा बदलली. शेवटी गावातल्या बोलीतच ठेवली. अमरावतीत ओडिया छापणारा कोणी नाही, म्हणून तिने सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागदच तसाच छापून घेतला, दोन हजार प्रती. भावाने त्या पंचक्रोशीतल्या दुकानांत ठेवायला दिल्या. तीन दुकानदारांनी ठेवून घेतल्या, बाकीच्यांनी कंपनीचा शिक्का नाही म्हणून परत केल्या. उरलेल्या त्याच्या घरी आहेत. औषध मात्र त्या तीन दुकानांच्या पलीकडे किती गावांत गेलं, हे आम्हाला कळण्यासारखं नाही. तिकडून फोन आला की भावाचा आवाज नेहमीसारखा आहे ना, हे ती आधी ऐकते, मग बोलते.

कंपनीने दोन हजार शंभर रुपये बायकोच्या खात्यात वेळेवर जमा केले, एक पैसा कापला नाही. चिठ्ठ्यांचे एक हजार नऊशे मी छापखानेवाल्याला रोख दिले आणि पार्सलचे तीनशे साठ बडनेऱ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला; वरचे एकशे साठ पदरचे.