सुंदराबाईची बोटं

परराज्यातल्या पर्वत पाटिया या यंत्रमागांच्या वस्तीत सुंदराबाईची खानावळ. जेवणारे तीस, सगळे खानदेशातून लूमवर कामाला आलेले. बाईचा एक हेका होता: आपल्याकडे जेवलेल्याला उष्टी थाळी उचलू द्यायची नाही. तीस थाळ्या, दोन वेळा, स्वतः घासायच्या. हट्ट तिचा आणि शिक्षा बोटांना!

दिवाळीनंतर तिच्या चार बोटांची नखांभोवतीची कातडी लाल होऊन सुजली. नखांवर आडव्या रेघा उठल्या. बाई रोज दुपारी मिठाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायची. ठणका तेवढ्यापुरता थांबायचा, सूज मात्र जागची हलेना. पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायचं. धास्ती होती ती अखाजीची, अक्षय्य तृतीयेच्या सणाची. त्या दिवशी खापरावरचे मांडे करायचे, पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवून घमेल्याएवढा करायचा. तिच्या मांड्यांसाठी ही पोरं गावी जायचं टाळत.

शेवटी जानेवारीत ती सरकारी दवाखान्यात गेली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. मग बोट उजेडात धरून म्हणाल्या, "नाखून की जड़ पे जो पतली चमड़ी होती है, वो गल गई है। वहीं से पानी-साबुन अंदर जाता है। नमक का पानी भी पानी ही है, मौसी. पहले पानी बंद, तभी दवा लगेगी।"

सुजेवर रात्री लावायचं मलम दिलं. भांड्यांसाठी आत सुती हातमोजे, वर रबरी. ती कातडी परत यायला तीन महिने तरी लागतील, असंही सांगितलं.

पंधरा दिवसांत लाली उतरली आणि बाई शेफारली. साठ थाळ्या होईस्तोवर मोज्यांत घाम आणि पाणी साचायचं, म्हणून मोजेच काढून टाकले. आठवड्यात बोटं पुन्हा फुगली. तेव्हा कुठे तिला पटलं की औषध मलमात निम्मंच आहे, उरलेलं आपल्या हेक्यात अडकलंय.

त्या दुपारी ती पंगतीपुढे उभी राहिली. बोलताना मान खाली गेली होती. "पोरांनो, आजपासून आपापली थाळी..."

लूमवरचा भटू थाळी घेऊन उठला. "मावशी, रहू दे. मन्ही थाळी मी धुसू." त्याच्यामागे सगळे मोरीकडे निघाले. बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं कुणाच्या हातून थाळी ओढून घेतली नाही, आणि मला तिचं खरं कौतुक वाटतं ते याचंच. मोडता न येणारी सवय तिनं अडीच महिने, रोज दोनदा, डोळ्यांदेखत मोडू दिली.

अखाजीला नखांच्या मुळाशी कातडी पुन्हा धरली होती. बाईनं चाळीस मांडे हातांवर फिरवले, एकही फाटला नाही. ती सगळ्यांच्या शेवटी जेवली आणि सवयीनं थाळी घेऊन मोरीकडे निघाली. भटूनं ती हातातून काढून घेतली.

आयुष्यात पहिल्यांदा तिची उष्टी थाळी दुसऱ्या कुणी घासली. या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही. कोरडे हात मांडीवर ठेवून ती बघत बसली.