गिऱ्हाइकाच्या मागे किती लागायचं

१२ मार्च. त्या एका दिवसात जाहिरातींवर १४,३८५ रुपये गेले होते आणि भिंगरीला खुर्चीत बसवत नव्हतं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. गाद्या-उशांच्या त्या दुकानात ती दोन वर्षांपूर्वी रुजू झाली आणि पहिल्या आठवड्यातच फोनवर ऑर्डर घेणाऱ्या मावशींनी हे नाव ठेवलं. स्क्रीनवर आकडा हलला की ही उठायची, खिडकीपाशी जायची, पाणी न पिताच बाटलीचं झाकण लावायची आणि परत यायची. मावशी म्हणायच्या, "अगं, तुझ्या खुर्चीला गादी लावून उपयोग काय? ती बसायला असते."

दुकान जुनं. खाली माल, वर कचेरी. ऑनलाइन विक्री मालकांच्या मुलाने सुरू केली आणि मग तो दुसऱ्या गावी निघून गेला. ते लोढणं भिंगरीच्या गळ्यात पडलं. तिचं मुख्य काम असं: लोक वेबसाइटवर येतात, गादी पसंत करतात, कार्टमध्ये टाकतात आणि पैसे न भरताच निघून जातात. अशांना पुढे बातम्या वाचताना, व्हिडिओ बघताना तीच गादी पुन्हा दाखवायची. दाराशी येऊन परतलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारण्यासारखंच ते. फक्त किती वेळा हाक मारायची, याला मर्यादा घालावी लागते. तिला फ्रिक्वेन्सी कॅप म्हणतात. एका माणसाला दिवसाला तीन वेळा, अशी कॅप भिंगरीने स्वतः लावली होती.

तरी खर्च चढत होता आणि विक्री होती तिथेच होती. मालकांनी सोमवारी सांगून टाकलं होतं, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही जमलं तर हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊ. मग वरच्या मजल्यावर दोन पगार कशाला?" दोन पगारांपैकी एक मावशींचा होता. मावशींना मालक काढणार नव्हते, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. भिंगरीच्या नवऱ्याची नोकरी सुटून चार महिने झाले होते. घर तिच्या पगारावर चाललं होतं.

१२ मार्चच्याच संध्याकाळी तिची मोठी नणंद घरी आली. चप्पल काढता काढताच तिने तोंड सोडलं.

"तुमच्या दुकानाचं माझ्याकडे काय येणं आहे गं?"

"का, काय झालं वन्सं?"

"सकाळी बातमी उघडली की गादी. भाजीची कृती बघावी तर गादी. ऑफिसात साहेबांसमोर कॉम्प्युटर उघडला, तिथेही गादी. साहेब म्हणाले, झोप येतेय वाटतं."

भिंगरीचा नवरा हसला. भिंगरी मात्र हसली नाही. "तुम्ही कार्टमध्ये टाकून सोडून दिली असेल ना, म्हणून दिसते. दिवसाला तीनदाच."

"तीनदा? तीनच्या पुढे मोजता येत नाही का तुमच्या यंत्राला? आणि सोडून कुठे दिली? माप विचारायला फोन केला, तर तुमच्या त्या बाई इतक्या गोड बोलल्या की तिथेच ऑर्डर देऊन टाकली. गादीवर आठवडाभर झोपतेय मी. आणि आता काल ती जाहिरात म्हणते, विसरलात का, पाच टक्के सूट. मी पूर्ण पैसे भरले ते काय मूर्ख म्हणून?"

भिंगरीच्या हातातला कप खाली ठेवायचा राहून गेला. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आपण कशाला आलो ते विसरून परत आली. नणंद नवऱ्याला म्हणाली, "हिला काही झालंय का?" तो म्हणाला, "नाही, आकडा चढलाय डोक्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचं कुलूप तिनेच उघडलं. बघितलं तर चूक ढळढळीत होती, आणि तिचीच होती. तिने गाद्या, उशा, चादरी यांच्या तीन वेगळ्या कॅम्पेन, म्हणजे जाहिरातींच्या मोहिमा, केल्या होत्या. शिवाय कालच कार्ट सोडलेल्यांसाठी एक आणि महिन्याभरात सोडलेल्यांसाठी एक. कॅप प्रत्येक कॅम्पेनला स्वतंत्र लागते, एकीला दुसरीचा पत्ता नसतो. ज्याने गादी, उशी आणि चादर तिन्ही टाकल्या, तो पाचही जाळ्यांत सापडत होता. तीन पंचे पंधरा. वर फोन आणि ऑफिसचा कॉम्प्युटर यंत्राला दोन माणसं वाटली, तर तीस. आणि तिच्या अहवालात प्रत्येक कॅम्पेनपुढे तीनच्या आतला शहाणा आकडा बसलेला.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. विकत घेणाऱ्यांना यादीतून वगळण्याची सोय होती, पण वेबसाइटवर पैसे भरले तरच. मावशींच्या फोनवर झालेली विक्री वेबसाइटला कळतच नव्हती.

"मावशी, कार्टमध्ये टाकून मग फोन करणारे किती असतात?"

"बरेच. गादीचं माप विचारल्याशिवाय कोण घेतं? मला वाटलं तुला ठाऊक असेल."

मालकांना सांगावं की गुपचूप दुरुस्त करावं? पूर्वी ती चपलांच्या दुकानात विक्रीला होती. तिथला नियम होता: गिऱ्हाईक नको म्हणालं की आणखी एकच जोड दाखवायचा, मग खोके वर ठेवायचे आणि त्याला पंख्याखाली निवांत बसू द्यायचं. हे माहीत असून आपण काय केलं, या विचाराने तिने जिन्याच्या तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत मालकच वर येताना भेटले आणि तिने जिन्यातच सगळं सांगून टाकलं.

मालक कठड्याला धरून उभे राहिले. "म्हणजे ज्यांनी माल घेतला, त्यांनाच माल घ्या म्हणून मी पैसे मोजत होतो?"

"हो."

"आणि जे चिडले ते?"

"ते माझ्यामुळे."

"मागे लागल्याशिवाय विकलं जात नाही, असं माझे वडील म्हणायचे."

"ते गिऱ्हाइकाचं तोंड बघून थांबत असतील ना? यंत्राला तोंड दिसत नाही. कुठे थांबायचं ते आपणच सांगायचं."

मालक वर गेले. मग जिन्याच्या टोकावरून म्हणाले, "पंधरा दिवस."

भिंगरीने पाचही कॅम्पेनची मिळून एक केली. एका माणसाला दिवसाला दोनदा, सात दिवसांनी बंद. फोनवर घेणाऱ्यांचे नंबर मावशी, त्यांना विचारून, रोज संध्याकाळी द्यायच्या आणि ते वगळले जायचे. सगळे नंबर यंत्राच्या यादीशी जुळत नसत. पण जे निसटत, त्यांचीही सात दिवसांत सुटका होई. दोन यंत्रं म्हणजे दोन माणसं, हा घोळ मात्र पुरता सुटला नाही.

त्या पंधरवड्यात तिने नखं कुरतडून संपवली. जाहिरातीवर होणारे क्लिक निम्म्यावर आले तेव्हा मावशींनी तिला जबरदस्तीने खाली चहाला पाठवलं. शेवटी खर्च निम्म्याहून कमी झाला आणि कार्ट सोडलेल्यांकडून येणाऱ्या ऑर्डरी आधीच्या पंधरवड्यातल्या एकसष्टवरून सत्तावन्न झाल्या. मालकांनी दोन्ही आकडे उलटसुलट बघितले. "चार गेल्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "एजन्सीला नाही सांगा. आणि ज्यांनी पूर्ण पैसे भरल्यावर सूट बघितली, त्यांना फरक परत करा. तुम्हीच फोन करायचे."

असे अकरा जण निघाले. दहांना पैसे पोचले. नणंदेने ते घेतले आणि वर उशी मागितली. अकरावे गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांनी जाहिरातींना कंटाळून दुकानाचा नंबर ब्लॉक केला होता. भिंगरीने स्वतःच्या फोनवरून लावला. "गादी" हा शब्द ऐकताच त्यांनी तोही ब्लॉक केला. पत्र पाठवलं, ते न उघडता परत आलं.

त्यांचे ३२० रुपये दुकानाकडून येणे आहेत.