हिरवा माणूस

पहिलीच्या वर्गाला सिग्नल शिकवणं म्हणजे डोक्याला ताप असतो. पुठ्ठ्याचे लाल, पिवळे, हिरवे गोल कापा, कागदी बश्यांची स्टिअरिंग करा, व्हरांड्यात खडूने झेब्रा पट्टे ओढा, आणि एवढं करून सगळ्यांना गाड्याच व्हायचं असतं. चालणारा माणूस व्हायला कुणी तयार नसतं. रिक्षा व्हायची, टँकर व्हायचा, तोंडाने भोंगा वाजवून माझं डोकं उठवायचं. एरवी मी हा धडा एका तासात उरकते. त्या वर्षी मात्र मी तो मन लावून घेतला, कारण वर्गातल्या एका मुलीला रस्ता ओलांडता येईनासा झाला होता.

तिचे वडील उन्हाळ्यात अपघातात गेले, एवढंच मला माहीत होतं. आई अंधेरीला एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जायची, उजाडायच्या आत घर सोडायची. मुलीला आणायला मालवणकडची आजी येऊन राहिली होती. आमची शाळा जोगेश्वरीला मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आणि त्यांची चाळ पलीकडे. सिग्नलपाशी आलं की पोर खाली बसायची, उठायचीच नाही. मग आजी तिला कडेवर उचलून आणायची. सहा वर्षांची मुलगी काही हलकी नसते.

"चेडवाक उचलून आणूक माका आता जमणा नाय, बाई," आजी एकदा वर्गाच्या दारात गुडघे चोळत म्हणाली. "दिवाळीक गावाक घेवन जातंय. थंयच शाळेत घालतलंय."

"आणि तिची आई?"

"ती येतली गणपतीक, शिमग्याक. नोकरी सोडून खाईत काय?"

म्हणजे पोर रस्त्यावरून चालली तर आईजवळ राहणार, नाहीतर बापाच्या मागोमाग आईही सुटणार. मला त्या आजीचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला, कारण तिचे गुडघे काही माझे नव्हते.

मी धडा नीट मांडला. गाड्यांसाठी तीन गोल एका मुलीच्या हातात दिले. चालणाऱ्यांसाठी समोर दुसरी मुलगी उभी केली, तिच्याकडे लाल माणूस आणि हिरवा माणूस. गाड्यांचा लाल लागला आणि त्या रेषेमागे थांबल्या की मगच हिरवा माणूस दाखवायचा, हे त्या दोघींना शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. दोघी एकदम हिरवंच दाखवायच्या. शेवटी जमलं. मग म्हणवून घेतलं: आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, मग चाला, पळू नका. सिग्नलपाशी खाली बसणाऱ्या त्या मुलीला मी पट्ट्यांच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हटलं, "इथे खऱ्या गाड्या नाहीत गं. सगळे आपलेच आहेत."

गाड्या थांबल्या. हिरवा माणूस लागला. तिने खरंच उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणारच होते. तेवढ्यात बाईक झालेला एक मुलगा तोंडाने घुर्र करत रेषेपुढे सुटला आणि तिच्या अंगावरून गेला.

"अरे, लाल आहे ना!" मी ओरडले.

"पण बाई, हवालदार कुठेय?" तो म्हणाला. "हवालदार नसला की पप्पा जातात ना!"

बाकीच्या गाड्या हसल्या. त्यांना ते अगदी पटलं होतं. त्या पोराला रागावून काय करणार? त्याच्या घरी जो नियम होता तो त्याने बिनचूक पाळला होता. मुलगी मात्र पट्ट्यांवर दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती आणि तिच्याखाली खडू ओला होत होता. मी तिला उचलून नळाकडे नेलं.

दुपारी आजीने सांगितलं. वडील तिला घेऊन झेब्रावरूनच चालले होते. हिरवा माणूस लागलेला होता. त्यांनी तिचा हात धरला होता. बाईकवाला लाल तोडून आला, हात सुटला, ती वाचली. आजी हे सगळं हलक्या आवाजात सांगत होती आणि मुलगी तिच्या पदराशी उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला जोड्या लावायचा कागद दिला. पहिलीला अजून धड वाचता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना चित्रंच. डावीकडे लाल, पिवळा, हिरवा दिवा, लाल माणूस, हिरवा माणूस. उजवीकडे थांबलेली गाडी, वेग कमी करून थांबत आलेली गाडी, सुटलेली गाडी, थांबा सांगणारा पंजा आणि चालणारे पाय. मुलांनी रेघा ओढल्या, काहींनी त्यांच्या जिलब्या केल्या. तिने पाचही चित्रांपासून सरळ, ठसठशीत रेघा पंजाकडे नेल्या होत्या. मी लाल पेन घेऊन किती तरी वेळ बसले. त्यावर फुली मारायला मला धीर झाला नाही. चूक आहे म्हणायचं तर तिच्या बापाचं काय म्हणायचं?

मग मी खेळच बदलला. हवालदार नेमला, शिट्टी दिली. हिरवा माणूस लागला तरी लगेच निघायचं नाही, गाड्या खरंच थांबल्यात का ते बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, "थांबली!" मगच चालायचं. पोरांना ते ओरडणं फार आवडलं. ती आधी माझ्या बोटाला धरून चालली, मग बोट सोडून. बाईकवाला मुलगा तिच्यासाठी एवढ्या जोरात थांबायचा की तोंडावर पडायचा. ती हसलीसुद्धा. दिवाळीच्या सुट्टीआधी मी आजीला म्हटलं, आज मी येते तुमच्याबरोबर.

सिग्नलपाशी ती बसली नाही. माझा हात घट्ट धरून उभी राहिली. हिरवा माणूस लागला. तिने उजवीकडे पाहिलं. बस थांबली होती, रिक्षा थांबल्या होत्या. "थांबली," ती म्हणाली. बारीक आवाजात, पण म्हणाली. आम्ही चालू लागलो. बसच्या पुढून जात होतो आणि बसच्या आडून एक बाईक निघाली, आमच्या पुढ्यातून सणकन गेली. बाईकवाल्याने मानही वळवली नाही. कुणाला काही लागलं नाही. मी तिला ओढत दुभाजकापर्यंत नेलं आणि तिथे ती जी बसली, ती आजीने उचलेपर्यंत उठली नाही. मी बाईकवाल्याला शिव्या दिल्या, पहिलीच्या बाईंनी देऊ नयेत अशा. तो केव्हाच दिसेनासा झाला होता.

दाखला न्यायला आई आली. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिने फक्त सही कुठे करायची ते विचारलं. मी जागा दाखवली आणि पेन दिलं. मुलगी नवा फ्रॉक घालून बाकाला टेकून उभी होती. निघताना तिने माझी ओढणी ओढली. मी खाली वाकले.

"बाई," ती म्हणाली, "हिरवा लागला तरी तुम्ही जाऊ नका हां."

मी हो म्हटलं. संध्याकाळी रिक्षा स्टँडसाठी मला तोच रस्ता ओलांडायचा होता. हिरवा माणूस लागला, लोक माझ्या दोन्ही बाजूंनी पलीकडे गेले, मग लाल लागला. पुन्हा हिरवा लागला. मी पट्ट्यांच्या तोंडाशी उभीच राहिले.